बेरियम एक सांगतो, मॅनोमेट्री दुसरेच : घास अडकण्याचे कारण ठरवताना

प्रश्न : माझी आई ५४ वर्षांची आहे, गडहिंग्लजला असते. दीड वर्षापासून घास छातीत अडकतो, पाणी पिऊन खाली ढकलावा लागतो. दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आली. कोल्हापुरात बेरियम केलं, त्यात ‘अन्ननलिकेचं खालचं टोक चोचीसारखं निमुळतं, अ‍ॅकॅलेशियाची शक्यता’ असं लिहिलंय. पुण्यात मॅनोमेट्री केली, तिथे म्हणतात ‘आयआरपी १९, दहापैकी सात लाटा चांगल्या, अ‍ॅकॅलेशियाचे निकष पूर्ण नाहीत’. एक डॉक्टर पोएम करून घ्या म्हणतात, दुसरे म्हणतात ही अ‍ॅसिडिटीच. नेमका कुठला रिपोर्ट खरा मानायचा? बीपीची आणि गुडघेदुखीची गोळी चालू आहे. वजन तीनेक किलो कमी झालंय.

उत्तर :

दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, आणि तरीही या दोन कागदांच्या आधारावर आज पोएम, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया, करून घेऊ नये, असे माझे मत आहे. मी कोल्हापुरात बावीस वर्षे पचनसंस्थेचे रुग्ण पाहतो आहे. तुमच्या आईंना मी तपासलेले नाही, बेरियमच्या फिल्म आणि मॅनोमेट्रीचे, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीचे, मूळ आलेखही माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे निदान सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु या दोन तपासण्यांमध्ये मतभेद का होतो आणि तो कसा मिटवतात, हे नक्की सांगता येईल.

आधी गिळण्याची क्रिया समजून घेऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. अन्ननलिका साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. आपण घास गिळला की तिच्यात वरून खाली एक लाट धावते आणि आठ-दहा सेकंदांत घास तळाशी पोहोचतो. तळाशी स्नायूंचे एक कडे असते, बोलताना आपण त्याला झडप म्हणू. ही झडप एरवी मिटलेली असते, म्हणूनच जठरातले आम्ल वर येत नाही. पण गिळण्याची क्रिया सुरू होताच, घास अजून वाटेत असतानाच, ती सैल पडते. हे सैल पडणे आपोआप होत नाही. अन्ननलिकेच्या भिंतीत चेतापेशींचे जाळे असते आणि त्यातल्या काही पेशींचे कामच स्नायूला ‘आता सोड’ असा संदेश देण्याचे असते. अ‍ॅकॅलेशियामध्ये नेमक्या याच पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे दोन गोष्टी एकदम बिघडतात : झडप सैल पडत नाही आणि वरची लाट नीट धावत नाही. निदानासाठी दोन्ही बिघाड लागतात. नुसती झडप घट्ट असणे किंवा नुसती लाट नसणे म्हणजे अ‍ॅकॅलेशिया नव्हे. तुमच्या आईंच्या बाबतीत सगळा घोळ याच मुद्द्यावर आहे.

आता बेरियम. बेरियमचे पांढरे द्रावण पाजून एक्स-रे घेण्याची ही तपासणी अन्ननलिकेचा आकार दाखवते आणि ती किती वेळात रिकामी होते हे दाखवते. दाब ती मोजत नाही. ‘चोचीसारखे निमुळते टोक’ हे अ‍ॅकॅलेशियाचे प्रसिद्ध चित्र आहे हे खरे, पण निरोगी माणसाची झडपही दोन घासांच्या मध्ये मिटलेलीच असते, आणि त्या क्षणी फिल्म घेतली तर तिथेही निमुळते टोक दिसू शकते. म्हणून एकट्या फिल्मवरची चोच पाहून मी हुरळून जात नाही. मी पहिल्यांदा विचारतो, पाच मिनिटांनी काय उरले होते?

हे मोजण्याची ठरलेली पद्धत आहे. रुग्णाला उभे करून पातळ बेरियम, साधारणपणे १०० ते २५० मिलिलिटर, सोसेल तेवढे अर्ध्या-पाऊण मिनिटात प्यायला देतात आणि १, २ आणि ५ मिनिटांनी त्याच अंतरावरून, त्याच कोनातून फिल्म घेतात. मग झडपेपासून बेरियमच्या स्तंभाची उंची मोजतात. निरोगी माणसात बेरियम बहुधा मिनिटभरात खाली गेलेले असते. पाच मिनिटांनंतरही दोन सेंटिमीटरपेक्षा उंच स्तंभ उभा असेल, तर उपचार न झालेल्या अ‍ॅकॅलेशियाचा संशय बळावतो. याला वेळ लावून केलेले बेरियम म्हणतात, आणि मागणी करताना ते स्पष्ट लिहून द्यावे लागते; नुसते ‘बेरियम स्वॅलो’ असे लिहिले तर दोन-चार घोट पाजून आकार तेवढा पाहिला जातो.

तपासणीचा दुसरा भाग आमच्याकडे बहुतेक वेळा राहूनच जातो. द्रव पदार्थ नीट उतरला तरी घट्ट पदार्थ अडकू शकतो. त्यासाठी १३ मिलिमीटर व्यासाची बेरियमची गोळी गिळायला देतात. ती गोळी सगळीकडे मिळत नाही. मी ओळखीच्या रेडिऑलॉजिस्टना विनंती करतो की घरून आणलेल्या भाकरीचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा बेरियममध्ये बुडवून द्यावा. ज्या पदार्थाने रुग्णाला त्रास होतो तोच पदार्थ पडद्यावर कुठे थांबतो हे दिसते, आणि रुग्णही ‘इथेच, इथेच’ म्हणून छातीवर बोट ठेवतो. ही पद्धत गोळीइतकी मोजूनमापून नाही हे मान्य, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरी.

एक उदाहरण सांगतो, त्यात माझीच चूक आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. कागल तालुक्यातला, गुऱ्हाळावर काम करणारा, अडतीस वर्षांचा माणूस माझ्याकडे आला. जळजळ होते, जेवण वर येते, असे सांगत होता. मी दुर्बिणीने तपासले आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले. दुर्बीण झडपेतून जठरात नेताना थोडासा जोर लागला होता, मग ती एकदम सरकली. त्या ‘थोड्याशा जोरा’ला मी महत्त्व दिले नाही. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. सात महिन्यांनी तो परत आला तेव्हा नऊ किलो वजन घटले होते आणि रात्रीच्या खोकल्यामुळे त्याने मधल्या काळात क्षयाची थुंकी तपासणीही दोनदा करून घेतली होती. या खेपेस त्याची बायको सोबत होती. ती म्हणाली, “डॉक्टर, हे जेवताना उठून उभं राहत्यात, दोन्ही खांदं मागं ओढत्यात, तवा घास खाली जातो. आन् सकाळी उशीवर रात्रीचा भात असतो, आंबट नसतो, जसा खाल्ला तसा.”

आंबट नसतो, हे शेवटचे वाक्य पहिल्या भेटीत मी विचारून काढायला हवे होते. जठरातून वर येणारे अन्न आंबट-कडू लागते; अन्ननलिकेतच साठून राहिलेले अन्न जठरात कधी पोहोचलेलेच नसते, म्हणून ते तसेच्या तसे परत येते. त्याला होणारी जळजळही जठरातल्या आम्लाची असेलच असे नाही, कारण साठलेले अन्न तिथेच आंबते आणि त्यानेही छातीत जळजळ होते. तुमच्या आईंबाबत ‘ही अ‍ॅसिडिटीच’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचा मुद्दा मी धुडकावत नाही, कारण आम्लामुळे अन्ननलिकेच्या तळाशी अरुंदपणा येऊन घास अडकतो हेही खरे आहे. मात्र तो अरुंदपणा दुर्बिणीत सहसा दिसतो, आणि वर आलेले अन्न कसे लागते हे विचारल्याशिवाय असे विधान करू नये.

त्या माणसाच्या वेळ लावून केलेल्या बेरियममध्ये एका मिनिटाला १४ सेंटिमीटर आणि पाच मिनिटांना ११ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ होता, अन्ननलिका साडेचार सेंटिमीटर रुंद झाली होती आणि खाली गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सारखी चोच होती. मॅनोमेट्रीत आयआरपी, म्हणजे गिळताना सैल पडलेल्या झडपेत उरलेला दाब, २८ आला, दहाही घोटांत एकही लाट धावली नाही, आणि सात घोटांत पूर्ण अन्ननलिकेतला दाब एकाच क्षणी वरपासून खालपर्यंत सारखा वाढला, जणू बंद बाटली मुठीत दाबावी तसा. हा टाइप दोनचा अ‍ॅकॅलेशिया. तीनही प्रकारांत उपचारांना सर्वांत चांगला प्रतिसाद हाच देतो. फुग्याने झडप ताणल्यानंतर पाच मिनिटांचा स्तंभ तीन सेंटिमीटरवर आला आणि तो माणूस बसून जेवू लागला. इथे दोन्ही तपासण्या एकच गोष्ट सांगत होत्या, त्यामुळे वाद नव्हता. तुमच्याकडे वाद आहे, म्हणून आता मॅनोमेट्रीकडे वळतो.

मॅनोमेट्रीत नाकातून एक बारीक, लवचिक नळी जठरापर्यंत सोडतात. नळीवर साधारण एकेक सेंटिमीटरवर छत्तीस दाबमापक असतात. नाकपुडी बधिर करतात पण रुग्णाला झोपवत नाहीत, कारण गिळणे जागेपणीच मोजायचे असते. नळी उतरताना उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येते, ते दोन मिनिटांत शमते. मग रुग्णाला उताणे झोपवून पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट, थोडे थांबून थांबून, गिळायला सांगतात. संगणकावर प्रत्येक घोटाचे रंगीत चित्र उमटते : निळा म्हणजे कमी दाब, लाल म्हणजे जास्त. निरोगी घोटात वरून खाली तिरपा जाणारा लाल पट्टा दिसतो आणि तळाचा झडपेचा आडवा पट्टा काही सेकंद निळसर होतो.

आयआरपी म्हणजे तो आडवा पट्टा किती निळा झाला याचे आकड्यातले मोजमाप. घोट गिळल्यानंतरच्या दहा सेकंदांत झडप ज्या चार सेकंदांत सर्वांत सैल होती, त्या चार सेकंदांचा सरासरी दाब काढतात, आणि दहा घोटांच्या अशा आकड्यांपैकी मधला आकडा रिपोर्टवर येतो. आमच्याकडे प्रचलित असलेल्या एका प्रकारच्या नळीसाठी उताण्या स्थितीतली वरची मर्यादा १५ मिलिमीटर पारा धरतात. दुसऱ्या कंपनीच्या नळीची मर्यादा याहून वरची असते, त्यामुळे तुमच्या आईंचा १९ हा आकडा ‘वाढलेला’ आहे की नाही हे यंत्र कोणते होते त्यावर ठरते. रिपोर्टवर त्या यंत्राची मर्यादा छापलेली असते, ती पाहा.

आकडा वाढलेला आहे असे धरू. तरीही दहापैकी सात लाटा चांगल्या आहेत. शिकागो वर्गीकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक निकषांची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये आली, आणि तिच्यानुसार टाइप एक आणि दोनच्या अ‍ॅकॅलेशियासाठी एकही लाट नीट धावता कामा नये. टाइप तीनमध्ये लाटा असतात, पण त्यांतही नीट धावणारी एकही नसते. किमान दोन घोटांत तरी लाट ठरल्या वेळेआधी, झटका आल्यासारखी आवळते. तुमच्या आईंच्या सात लाटा खरोखरच चांगल्या असतील तर त्या यांपैकी कशातच बसत नाहीत. झडप नीट उघडत नसल्याचा संशय आहे पण लाटा शाबूत आहेत, अशा स्थितीला झडपेपाशी अडथळा असे वेगळे नाव आहे. माझ्या मते ते नाव म्हणजे निदान नव्हे, ते एक प्रश्नचिन्ह आहे. त्यामागे अगदी वेगवेगळी कारणे असू शकतात : सुरुवातीचा अ‍ॅकॅलेशिया, जठराचा भाग छातीत सरकलेला हर्निया, दुर्बिणीतून निसटलेले, जागा अरुंद करणारे बारीक कडे, औषधांचा परिणाम, किंवा नळीचा नुसता खोटा आकडा. यातल्या बऱ्याच रुग्णांना काही न करताही काळाच्या ओघात बरे वाटते. पोएममध्ये झडपेचा स्नायू आतून कापतात. कापलेला स्नायू परत जोडता येत नाही, आणि बऱ्याच रुग्णांना त्यानंतर जठरातले आम्ल वर येण्याचा त्रास सुरू होतो. खऱ्या अ‍ॅकॅलेशियात हा सौदा पूर्णपणे फायद्याचा आहे. प्रश्नचिन्हावर तो करू नये.

तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात ती गुडघेदुखीची गोळी मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते. तिच्या पाकिटावर घटक वाचा. ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉल असे लिहिलेले असेल, एकटे किंवा पॅरासिटामॉलसोबत, तर ते अफूच्या जातीचे औषध आहे. ही औषधे रोज चालू असतील तर झडपेचे सैल पडणे बिघडते, आयआरपी वाढतो, आणि कधी कधी लाटाही टाइप तीनसारख्या झटकेदार होतात. म्हणजे आलेखावर अ‍ॅकॅलेशियाचा भाऊ दिसतो आणि दोष गोळीचा असतो. साधी वेदनाशामके हे करत नाहीत, पण त्यांतल्या काही गोळ्या अन्ननलिकेत अडकल्या तर तिथे जखम करतात, तेही घास अडकण्याचे कारण ठरते. बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ निफेडिपिन, उलट झडपेचा दाब कमी करतात. यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका; मात्र मॅनोमेट्री पुन्हा करायची झाल्यास अफूवर्गीय गोळी आधी थांबवता येईल का, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

दुसरा मुद्दा, मॅनोमेट्री पूर्ण झाली होती का? उताण्या स्थितीतल्या दहा घोटांनंतर रुग्णाला बसवून पुन्हा किमान पाच घोट द्यायचे असतात. १५ ची मर्यादा असलेल्या नळीवर बसल्यानंतर आयआरपी १२ च्या खाली आला, तर उताणेपणीचा वाढलेला आकडा बहुधा झडपेचा नसतो; छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाच्या स्नायूने किंवा हृदयालगतच्या रचनांनी नळीवर टाकलेला तो दाब असतो. शेवटी २०० मिलिलिटर पाणी सलग प्यायला सांगतात. झडप खरोखर उघडत नसेल तर एवढे पाणी एकदम आल्यावर अन्ननलिकेत दाब तुंबताना दिसतो, आणि पाच मिलिलिटरच्या घोटात लपलेला अडथळा उघड होतो. रिपोर्टमध्ये बसलेल्या स्थितीतले आणि सलग पाण्याचे निष्कर्ष नसतील, तर तो रिपोर्ट चुकीचा नाही, अर्धवट आहे. ज्या केंद्रात तपासणी झाली तिथे मूळ आलेखाची फाइल जपलेली असते. कधी कधी सगळे केलेले असते, फक्त कागदावर उतरलेले नसते. आधी तिथे फोन करा, नळी पुन्हा घालण्याचा त्रास कदाचित वाचेल.

आता, बेरियमने मॅनोमेट्रीवर मात केली पाहिजे अशाही दोन जागा आहेत. पहिली जागा जुन्या अ‍ॅकॅलेशियाची. दहा-पंधरा वर्षांत अन्ननलिका पिशवीसारखी सैल झालेली असते, तिच्यात दाब निर्माणच होत नाही, आणि आयआरपी मर्यादेच्या आत येतो. लाट एकही नसते. आलेख वाचून ‘झडप ठीक आहे, फक्त लाटा नाहीत’ असा अर्थ निघतो, आणि तसे चित्र स्क्लेरोडर्मा या त्वचा व सांध्यांच्या आजारातही असते. उपचार मात्र अगदी उलटे आहेत. अ‍ॅकॅलेशियात झडप उघडायची असते. स्क्लेरोडर्मात ती आधीच ढिली असते, तिला हात लावला तर आम्ल धो धो वर येईल. तिथे मी उभ्याने घेतलेल्या पाच मिनिटांच्या फिल्मवर निर्णय देतो : स्तंभ उभा असेल तर झडप बंद आहे, आकडा काहीही म्हणो. थंडीत बोटे पांढरी-निळी पडतात का, हातांची कातडी ताठरली आहे का, हेही पाहतो.

दुसरी जागा जास्त गंभीर आहे. जठराच्या तोंडाशी कर्करोग असेल आणि तो झडपेभोवती पसरला असेल, तर मॅनोमेट्रीचा आलेख हुबेहूब अ‍ॅकॅलेशियाचा येऊ शकतो. दाबमापकाला झडप आतून आवळली आहे की बाहेरून, हे कळत नाही. बासष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे ‘टाइप दोन’ असा तयार रिपोर्ट घेऊन आले होते. मला खटकले ते एवढेच की त्रास जेमतेम चार महिन्यांचा होता आणि वजन बारा किलो घटले होते. अ‍ॅकॅलेशिया एवढ्या घाईत नसतो. त्याचे रुग्ण वर्षानुवर्षे पाण्याच्या तांब्यासह जेवत असतात. त्यांच्या बेरियममधली चोच एका बाजूने खांद्यासारखी फुगलेली, लांबलचक होती, आणि वरची अन्ननलिका म्हणावी तेवढी रुंद झालेली नव्हती. दुर्बीण जठरात नेऊन उलटी वळवून झडपेकडे खालून पाहिले तेव्हाही वरचे आवरण साधेच दिसले. गाठ सीटी स्कॅनवर सापडली. तेव्हापासून पंचावन्नच्या पुढचे वय, वर्षाच्या आतला त्रास आणि झपाट्याने घटलेले वजन हे तिन्ही एकत्र दिसले, की सीटी झाल्याशिवाय मी अ‍ॅकॅलेशियाचा उपचार सुरू करत नाही. तुमच्या आईंचा दीड वर्षाचा काळ आणि तीन किलो हे त्या चित्रात बसत नाही, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. तरी दुर्बीण उलटी वळवून झडप पाहिली होती का, एवढे विचारून घ्या.

दुर्बिणीच्या रिपोर्टबद्दल आणखी एक. त्यात बायोप्सी घेतली होती का? ॲलर्जीच्या पेशी अन्ननलिकेच्या भिंतीत साठण्याचा एक आजार आहे. त्यातही घास अडकतो, आणि बाहेरून अन्ननलिका अगदी निरोगी दिसू शकते. दोन वेगवेगळ्या उंचीवरून मिळून निदान सहा तुकडे घेतल्याशिवाय तो नाही असे म्हणता येत नाही. तरुण पुरुषांमध्ये तो जास्त दिसतो, पण ५४ वर्षांची बाई त्यातून सुटते असे नाही. त्यावर औषधे आहेत. स्नायू कापून त्याचा काही उपयोग नाही.

एक फरक आईंना स्वतःला विचारून स्पष्ट करून घ्यावा, तो म्हणजे पाणीही अडकते की फक्त भाकरीसारखा घट्ट घास. तुम्ही लिहिले आहे की पाणी पिऊन घास खाली जातो, म्हणजे पाणी बहुधा उतरते. पहिल्या दिवसापासून फक्त घट्ट पदार्थ अडकत असतील तर माझा कल जागेच्या अरुंदपणाकडे जातो. पाणी आणि घास दोन्ही अडकत असतील तर हालचालींच्या बिघाडाकडे, म्हणजे अ‍ॅकॅलेशियाकडे. आणि घास गळ्यातच राहतो, गिळताना ठसका लागतो किंवा पाणी नाकातून येते, असे असेल तर बिघाड घशाच्या पातळीवरचा आहे आणि वरच्या दोन्ही तपासण्या त्यासाठी नाहीतच; तिथे गिळण्याचे चलच्चित्र एक्स-रेवर पाहतात. रक्तातले लोहही तपासून घ्या. लोहाच्या कमतरतेत घशाच्या खाली पातळ पडदा तयार होऊन घास अडकतो, आपल्याकडच्या बायकांमध्ये तो आढळतो आणि दुर्बीण नुसती आत सरकवताना तो न कळत फाटूनही जातो, मग रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येते.

मी तुमच्या जागी असतो तर आधी गोळीचा घटक वाचला असता आणि पुण्याच्या केंद्राकडून बसलेल्या स्थितीतले आकडे मागितले असते. त्यानंतर कोल्हापुरातच वेळ लावून बेरियम पुन्हा केले असते, सोबत गोळी किंवा भाकरीचा तुकडा. त्यात पाच मिनिटांनी स्तंभ उभा राहिला, किंवा घट्ट पदार्थ झडपेपाशी थांबला आणि बसूनही आयआरपी वाढलेलाच निघाला, तर झडपेवर उपचार करण्याला आधार मिळतो, आणि तेव्हा फुगा की पोएम ही चर्चा करता येईल. बेरियम झरझर उतरले आणि आकडा खाली आला, तर चोच हा त्या क्षणाचा योगायोग होता असे धरून बायोप्सीकडे वळावे आणि मॅनोमेट्री सहा महिन्यांनी, त्रास राहिलाच तर, पुन्हा करावी.

बेरियम किंवा मॅनोमेट्रीला जाताना नेहमीचे सहा तास उपाशी राहणे अशा रुग्णांना पुरत नाही, कारण अन्ननलिकेत कालचे अन्न असू शकते. आदल्या दिवशी फक्त पातळ पेज, गाळलेले सूप, ताक एवढेच द्यावे. तोवर रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन-चार तास आधी उरकावे आणि पलंगाचे उशाकडचे पाय विटा घालून उचलावेत, म्हणजे झोपेत अन्न श्वासनलिकेत जाणार नाही. स्वतःची थुंकीही गिळता येईनाशी झाली, पाणी प्यायल्याबरोबर परत येऊ लागले, किंवा खोकल्यासोबत ताप आला, तर मात्र यातल्या कशाचीच वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.